विषय : कराराचे नूतनीकरण न करणेबाबत

आमच्या भागात माणसं व्याह्याला तोंडावर बोलतील, साहेबाला बोलतील, प्रसंगी सासूलाही बोलतील. पण टँकरवाल्याला कुणी बोलत नाही. सातारा-देवळाई परिसर महापालिकेत येऊन बरीच वर्षं झाली, घरपट्टी वेळेवर येते, पाणी मात्र टँकरनंच येतं. तिकडे पैठणला नाथसागर काठोकाठ भरतो, त्याचे दरवाजे उघडल्याचे फोटो आम्ही एकमेकांना पाठवतो, 'जय गंगामैया' लिहितो आणि खाली उतरून टँकर आला का बघतो. अशा गावात टँकरवाल्याचा करार संपवायचा म्हणजे जावयाला पाहुणचार पुरे झाला असं सांगण्यापैकी आहे.

तरी आमच्या साठ फ्लॅटांच्या सोसायटीनं यंदा ते सांगायचं ठरवलं, आणि मी सचिव असल्यामुळे ते मी सांगावं असंही ठरवलं. दुसरा ठराव पहिल्यापेक्षा लवकर मंजूर झाला.

कारण साधं होतं. पाणी कमी येत होतं. म्हणजे टँकर रोज दोन येत होते, चिठ्ठ्या दोन फाटत होत्या, पण हौद तेवढा भरत नव्हता. संशय सगळ्यांनाच होता आणि त्यावर जिन्यात भरपूर चर्चाही व्हायची. पण संशयाला पुराव्याचं रूप दिलं ते आमच्या अध्यक्षकाकांनी. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. उभ्या आयुष्यात त्यांनी धरणांचं पाणी मोजलं आणि सोसायटीचं मोजायचं राहून गेलं, याची त्यांना खंत होती. ती त्यांनी एका ॲल्युमिनियमच्या पट्टीनं भरून काढली.

हिशेब असा, की आमचा जमिनीखालचा हौद आतून पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे. तळ झाला वीस चौरस मीटर. टँकर दहा हजार लिटरचा, म्हणजे दहा घनमीटर. ते वीस चौरस मीटरवर पसरलं की पाणी बरोबर पन्नास सेंटिमीटर चढलं पाहिजे. म्हणजे दर सेंटिमीटरला दोनशे लिटर. टँकर रिकामा व्हायच्या आधी पट्टी बुडवायची, ओली रेघ बघायची, रिकामा झाल्यावर पुन्हा बुडवायची आणि वजाबाकी करायची. एकच पथ्य पाळायचं, मधल्या वेळात वरच्या टाक्यांची मोटर बंद ठेवायची, नाहीतर टँकरवाला म्हणतो की तुमच्याच लोकांनी ओढलं, आणि ते खोटंही नसतं. मोटर बंद ठेवल्यावर चौथ्या मजल्यावरून अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत जे फोन आले, ते कार्यवृत्तात घेतलेले नाहीत.

काकांनी पहिल्या दिवशी ड्रायव्हरच्या देखत मोजलं. पाणी एकोणपन्नास सेंटिमीटर चढलं. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर चहाला गेल्यावर मोजलं, तर त्रेचाळीस. पुढचे काही दिवस हाच खेळ चालला. काका पट्टी घेऊन हौदाशेजारी उभे असले की पाणी प्रामाणिक, काका दिसले नाहीत की सहा सेंटिमीटर गायब. सहा सेंटिमीटर म्हणजे बाराशे लिटर. ड्रायव्हरचं म्हणणं होतं की बीड बायपासच्या खड्ड्यांत सांडतं. थोडं सांडतंच, वरचं झाकण नीट बसत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण काका बघत असले की खड्डे बुजतात कसे, हा प्रश्न महापालिकेनंही अभ्यासावा असा आहे.

मग पत्र लिहायची वेळ आली. पहिला मसुदा काकांनीच केला, आणि तो असा होता :

'आपण गेली काही वर्षे आमच्या सोसायटीस जी बहुमोल सेवा पुरवीत आहात, त्याबद्दल समस्त सभासद आपले ऋणी आहेत. तथापि काही अपरिहार्य कारणास्तव, बदलत्या परिस्थितीचा साकल्याने विचार करता, पुढील कालावधीत आपल्या सेवेच्या स्वरूपाबाबत फेरविचार करणे क्रमप्राप्त झाले आहे. तरी कृपया सहकार्य असावे, ही विनंती.'

खजिनदार वहिनी बँकेतून निवृत्त झाल्यात. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "काका, हे मानपत्र आहे. सोबत शाल-श्रीफळ द्यायचंय का?" आम्ही ते खाली नेऊन वॉचमनला वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे त्यांचा रेट वाढवून दिला का?"

सरकारी नोकरीत घडलेल्या माणसाचं असं होतं. नकार द्यायचाय, पण तो नकार आहे हे समोरच्याला तीन फायली फिरल्यावर कळावं अशी सवय. आणि टँकरवाल्याच्या बाबतीत तर ते घातकच, कारण आमच्या करारात कलम 9 होतं. मुदत संपण्याच्या किमान तीस दिवस आधी कोणत्याही पक्षाने लेखी कळवले नाही, तर करार आणखी अकरा महिन्यांसाठी, दहा टक्के वाढीव दराने, आपोआप चालू राहील. हे कलम करार करताना कुणीच वाचलेलं नव्हतं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचं आपण फक्त नाव आणि रक्कम वाचतो. तेव्हा 'फेरविचार' वगैरे लिहून चालणार नव्हतं. 'सोसायटी या कराराचे नूतनीकरण करणार नाही' हे वाक्य, याच शब्दांत, पत्राच्या पहिल्या दोन ओळींत यायला हवं होतं. वहिनींनी ते लिहिलं. काकांनी त्याच्यापुढे 'सखेद' घालून पाहिलं. वहिनींनी ते खोडलं.

आता कारणं. इथे सगळ्या सोसायटीला कंठ फुटला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं म्हणणं, ड्रायव्हर पहाटे रिव्हर्स घेताना जे गाणं वाजतं ते लिहा. कुणी म्हणालं, त्यानं गेटला धक्का दिला होता ते लिहा. कुणी म्हणालं, तो अमक्याचा माणूस आहे ते लिहू नका पण सुचवा. आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकानं थेट 'पाणीचोर' असं लिहिलं, त्यावर बारा अंगठे आले. ते त्याला काढायला लावलं, कारण असं लिहून ठेवणं म्हणजे आपल्या हातानं समोरच्याच्या वकिलाला आमंत्रण आहे.

कारणांच्या बाबतीत वहिनींचा सल्ला मला अजून पटतो. करार मुदतीनं संपत असेल, तर खरं म्हणजे कारण द्यावंच लागत नाही. मुदत संपली, विषय संपला. मधेच तोडायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कसूर दाखवावी लागते, सुधारायची संधी दिली होती का हे विचारलं जातं, आणि प्रत्येक कारण सिद्ध करावं लागतं. काहींनी बैठकीत 'महापालिकेनं समांतरवाल्यांना दिली तशी नोटीस देऊ' असा जोर लावला. पण समांतर जलवाहिनीचं प्रकरण नेमकं उलट होतं. तो करार 2011 मधला, वीस वर्षांचा. शहराचा पाणीपुरवठा 2014 मध्ये कंपनीच्या ताब्यात गेला आणि 2016 मध्ये महापालिकेनं करार रद्द करायचं ठरवून नोटीस दिली. म्हणजे वीसातली पंधरा वर्षं शिल्लक असताना. मग जे व्हायचं ते झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि तारखा पडत राहिल्या. नळाला पाणी येवो न येवो, कोर्टाची तारीख नेमानं येते. आमचा करार आपल्या पायानं 31 मार्चला संपणार होता. त्याला मधेच धक्का मारून पाडायची गरज नव्हती, फक्त तो उठून पुन्हा चालायला लागू नये एवढंच बघायचं होतं.

तरी माणसाला कारण सांगावं, कारण न सांगता काढलं की तो स्वतःच कारण शोधतो आणि ते बहुतेक वेळा जात, पक्ष किंवा सचिवाचा मेव्हणा यांपैकी एक असतं. म्हणून दोनच कारणं ठेवली, आणि दोन्ही वहीत नोंद असलेली. एक, मोजणी, तारखांसह. दुसरं, करारात टँकर सकाळी सहा ते आठ ठरला असताना तो अनेकदा अकरानंतर आल्याच्या गेटवरच्या नोंदी. गाणं वगळलं. आजी अजून नाराज आहेत.

नोटिशीच्या तीस दिवसांत एक गंमत आहे. पत्र कोणत्या तारखेला लिहिलं याला फारसं महत्त्व नाही, ते त्याला कधी मिळालं हे धरतात. 31 मार्चच्या तीस दिवस आधी म्हणजे 1 मार्च, आणि यंदा 1 मार्चला रविवार. म्हणजे शनिवार, 28 फेब्रुवारीपर्यंत पत्र त्याच्या हातात पडायला हवं. काका म्हणाले, महाशिवरात्र होऊ द्या. शिवरात्र 15 तारखेला झाली. मग म्हणाले, होळीनंतर बघू. होळी मार्चमध्ये होती. आपल्याकडे अप्रिय काम सणानंतरच करायचं असतं आणि सणानंतर सण असतो. पाडव्यापर्यंत थांबलो असतो तर गुढीबरोबर दहा टक्के दरवाढही उभारावी लागली असती.

शेवटी समितीचा ठराव झाला, ठरावाचा क्रमांक पत्रात घातला आणि खाली शिक्का मारला. शिक्क्यावर अजून 'औरंगाबाद' आहे, करारातही तेच, आणि लेटरहेड मात्र नवं, 'छत्रपती संभाजीनगर'. यावरून नोटीस अवैध ठरेल का, असा प्रश्न एका सभासदानं विचारला. तो कायदेशीर होता की नुसता वेळ काढायला होता ते कळलं नाही. पत्ता आणि पिनकोड तेच आहेत म्हटल्यावर तो बसला.

पत्र शेवटी असं झालं :

'आपला व सोसायटीचा दि. 1 मे 2025 रोजीचा पाणीपुरवठा करार दि. 31 मार्च 2026 रोजी संपत आहे. कलम 9 नुसार कळविण्यात येते की, सोसायटी या कराराचे नूतनीकरण करणार नाही. कारणे : सोबतच्या तक्त्यातील मोजणीनुसार टँकरमागे आढळलेली तूट, व ठरलेल्या वेळेनंतरचा पुरवठा. दि. 31 मार्चपर्यंत पुरवठा करारानुसार चालू ठेवावा. त्या काळातील प्रत्येक फेरीचे पैसे करारातील दराने दिले जातील. मार्चचे बिल, वॉचमनची सही असलेल्या चिठ्ठ्यांसह, दि. 5 एप्रिलपर्यंत द्यावे. निर्विवाद रक्कम दि. 15 एप्रिलपर्यंत आपल्या खात्यात जमा होईल. वाद असलेल्या फेऱ्यांचा हिशेब दि. 20 एप्रिलला समोरासमोर बसून करू. आपली पंचवीस हजार रुपये अनामत, आपले रबरी पाईप परत नेल्यावर, दि. 30 एप्रिलपर्यंत परत मिळेल.'

पैशांच्या तारखा लिहायला काकांचा विरोध होता. "तारखेत कशाला अडकायचं? यथावकाश लिहा." पण नोटीस मिळाल्यापासून शेवटच्या टँकरपर्यंत महिनाभर याच माणसाकडून पाणी घ्यायचं होतं. त्याच्या मनात एकदा आलं की हे लोक शेवटचे पैसे बुडवणार, की टँकर दुसऱ्याच दिवशी 'पंक्चर' होतो. पैसे कधी मिळणार हे तारीख घालून सांगितलं, तर महिनाभर पाणी येतं. शिवाय त्याच्या बिलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत उद्यम नोंदणीचा क्रमांक होता. तो वहिनींनी पाहिला. अशा नोंदणीकृत छोट्या पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही ठरलेलं असो, 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. लांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. 'यथावकाश' हा शब्द त्या दरानं फार महाग पडतो.

पत्र द्यायला मी त्याच्या शेडवर गेलो. पत्र्याची शेड, समोर बोअर, बाजूला आमचे आणि इतरांचे टँकर रांगेत. त्यानं खुर्ची दिली, गार पाणी दिलं, चहा सांगितला आणि स्थळप्रतीकडे बघून म्हणाला, "सही कशाला भाऊ? आपल्यात कागद कधी आला?" बातमी त्याला वॉचमनकडून आठवड्याभरापूर्वीच कळली होती. उलट त्यानंच माझं सांत्वन केलं, की पट्टीवाले काका तसे चांगले आहेत, त्यांची सवयच तशी. सही मात्र दिली नाही. चहा गोड होता.

सही न दिलेल्या माणसाला पत्र मिळालं हे दाखवायचं, तर टपाल खात्याला पर्याय नाही. पूर्वी रजिस्टर्ड पोस्ट करायचो. सप्टेंबर 2025 पासून ते स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट केलं. 18 तारखेला टाकलं, 21 ला पोचलं. त्याच्या शेडमधल्या पोरानं सही केली. त्याच दिवशी मजकुराचा फोटो त्याला व्हॉट्सॲपवरही पाठवला. त्यानं त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्या हातांचा अर्थ लावण्यात एक बैठक गेली.

खरी गोम पुढेच होती. नोटीस देण्याआधी वहिनींनी एक काम गुपचूप करून ठेवलं होतं. एप्रिलपासून पाणी देणारा दुसरा माणूस त्यांनी पक्का केला होता, आणि त्याचं दरपत्रक हातात आल्याशिवाय नोटिशीवर सही होऊ दिली नव्हती. कारण मार्चअखेर संपणारा करार म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर संपणारा करार. एप्रिल-मेमध्ये आमच्या भागात टँकरच्या मागे माणसं धावतात. त्या वेळी नवा पुरवठादार शोधायला निघालेल्या सोसायटीला तो जो म्हणेल तो दर मान्य असतो. करार नेमका 31 मार्चला संपेल अशी तारीख आधी कुणी सुचवली, हे जुनी कागदपत्रं काढून पाहिलं तेव्हा कळलं. टँकरवाल्यानंच. अकरा महिन्यांचा करार एक मेपासून, म्हणजे तो बरोबर वैशाखवणव्याच्या आधी संपतो, आणि नूतनीकरणाचं बोलणं घशाला कोरड पडलेल्या लोकांशी होतं. पाणी मोजायला काकांना पट्टी लागली. यानं आमची गरज पट्टीशिवाय मोजली होती.

मार्च सुरळीत गेला, आणि मजा म्हणजे महिनाभर हौदात रोज एकोणपन्नास-पन्नास सेंटिमीटर चढत राहिलं. काहींचं मत झालं की आता कशाला बदलायचं. वहिनी म्हणाल्या, बदलणार आहोत म्हणूनच चढतंय.

एप्रिलात बिल आलं. 62 फेऱ्या, बाराशे रुपयांनी 74,400. त्यांतल्या 54 चिठ्ठ्यांवर वॉचमनची सही होती, आठांवर नव्हती. अशा वेळी सगळं बिल अडवून ठेवायचा मोह होतो, आणि सोसायट्या नेहमी तेच करतात; मग समोरचाही सगळंच नाकारतो. आम्ही 54 फेऱ्यांचे 64,800 रुपये ठरल्या तारखेच्या आत जमा केले आणि वाद आठ चिठ्ठ्यांपुरता, 9,600 रुपयांपुरता उरवला. वीस तारखेला तो आला, भाच्याला घेऊन. भाचा विधी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. गेटची वही काढली. आठपैकी पाच फेऱ्यांचा टँकर क्रमांक वहीत सापडला, वॉचमन सही करायला विसरला होता. त्या सहा हजारांचा तिथेच निकाल लागला. उरलेल्या तीन चिठ्ठ्या टँकरवाल्यानं स्वतःच फाडल्या आणि म्हणाला, "ह्या सोडून द्या, पोरानं चुकून लावल्या असतील." कोणतं पोर, ते आम्ही विचारलं नाही.

पावती लिहिताना भाच्यानं 'रक्कम हक्क राखून स्वीकारली' असं लिहिलं. वहिनींनी पावती परत सरकवली. अनामतीचा चेक त्यांच्या फाइलवर ठेवलेला होता, नाव आणि रक्कम घातलेला, सही न केलेला. त्यांनी एवढंच म्हटलं, की हक्क राखायचे असतील तर जरूर राखा, मग कशाचे ते लिहा, म्हणजे आम्हाला उत्तर देता येईल. काही नसेल तर 'या करारापोटी सर्व रक्कम पूर्ण व अंतिम मिळाली, आता कोणतेही येणे नाही' असं लिहा. मामानं भाच्याकडे पाहिलं, भाच्यानं पंख्याकडे. मग दुसरी पावती झाली, रेव्हेन्यू स्टॅम्प लागला, पाईप गाडीत गेले आणि वहिनींनी चेकवर सही केली.

नव्या माणसाशी करार करताना काकांनी दोन गोष्टी घालून घेतल्या. दर टँकरचा नाही, हौदातल्या सेंटिमीटरचा. आणि मुदत 30 सप्टेंबरपर्यंतच, म्हणजे पावसाळा झाल्यावर, धरण भरलेलं आणि टँकर नुसते उभे असताना. सेंटिमीटरला नवा माणूस लगेच कबूल झाला. सही करायला पेन टेकवलं, मुदतीच्या ओळीवर थांबला, आणि वर बघून म्हणाला, "बाकी समदं ठीक आहे, पण सप्टेंबरच कामून?"